इंदूरच्या गोदामातल्या दोनशे चादरी

समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखानदाराने इंदूरच्या एजंटाकडे एक हजार चादरी विक्रीसाठी पाठवल्या. ३१ मार्चपर्यंत आठशे विकल्या गेल्या, दोनशे एजंटाच्या गोदामात पडून राहिल्या. कारखान्याच्या तीन हिशेबनिसांनी त्याच कागदांवरून या व्यवहाराचा नफा काढला. एकाचे उत्तर आले ४०० रुपये, दुसऱ्याचे १,००,४०० रुपये आणि तिसऱ्याचे ८०,४०० रुपये. बेरीज-वजाबाकीत तिघांपैकी कुणीही चुकलेले नाही. तरीही खरे उत्तर एकच आहे. ते का खरे आहे हे कळले, की या व्यवहारातली सगळी गुंतागुंत सुटते.

आधी व्यवहार नीट पाहू. कारखानदाराने एजंटाला माल विकलेला नाही, फक्त विक्रीसाठी सोपवला आहे. व्यापारी बोलीत याला कन्साइनमेंट म्हणतात, वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत प्रेषण. गठ्ठे इंदूरला उतरले, एजंटाने बिल्टी देऊन ते ताब्यात घेतले, तरी चादरींची मालकी सोलापूरकडेच असते. उद्या एजंटाचे दिवाळे निघाले तर गोदामातल्या न विकलेल्या चादरी त्याच्या मालमत्तेत मोजता येत नाहीत. त्या कारखानदाराच्या आहेत. तसेच चादरींना कसर लागली किंवा भाव पडला तर तो तोटाही कारखानदाराचाच. एजंट विक्री करतो, पैसे वसूल करतो, आपले कमिशन आणि केलेला खर्च वळता करून घेतो आणि उरलेले सोलापूरला पाठवतो. आपल्याकडच्या बाजार समितीत शेतकरी आडत्याकडे कांदा लावतो आणि आडत्या त्याला पट्टी देतो, त्याच जातीचा हा व्यवहार आहे. फरक इतकाच, की कांदा त्याच दिवशी संपतो आणि चादरी महिनोन् महिने पडून राहू शकतात. हिशेबाचा सगळा प्रश्न या पडून राहिलेल्या मालाने उभा केला आहे.

एजंटाने माल घेतला त्या दिवशी विक्री झाली असे धरायचे नाही, हे हिशेबशास्त्रात पक्के ठरलेले आहे. आपल्याकडच्या लेखामानकांनुसार अशा मालाची विक्री, एजंट तो तिसऱ्या माणसाला विकेल तेव्हाच नोंदवायची असते. कारखान्याच्या गेटमधून ट्रक बाहेर पडला म्हणजे विक्री झाली, असे धरून मार्चअखेरीस उलाढाल फुगवण्याचा मोह अनेकांना होतो. म्हणून हे मानक ध्यानात ठेवावे लागते.

आता भाव. एका चादरीचा कारखान्यातला उत्पादनखर्च ४०० रुपये. पण एजंटाला पाठवलेल्या बिलावर कारखानदार लिहितो ५००. हे शंभर रुपये चढवण्यामागे साधे कारण आहे. एजंट ही बाहेरची व्यक्ती आहे. आज तो आपला माल विकतो, उद्या शेजारच्या कारखान्याचा विकेल. चादर आपल्याला ४०० ला पडते हे त्याला कळले, तर पुढच्या वेळी कमिशनच्या वाटाघाटीत तो तोच आकडा पुढे ठेवेल, किंवा गिऱ्हाईक घासाघीस करायला लागले की ४२० पर्यंत सहज उतरेल. ५०० चे बिल त्याच्या हातात असले की आपोआप एक तळाचा भाव ठरतो. त्याखाली विकायचे तर सोलापूरला विचारावे लागते. शिवाय साठा तपासायलाही हे सोयीचे पडते. एजंटाच्या रजिस्टरात प्रत्येक चादर एकाच भावाने लिहिलेली असते, त्यामुळे किती आल्या, किती गेल्या, किती उरल्या हे रुपयांत चटकन ताडता येते.

या चढवलेल्या रकमेबाबत एक गफलत परीक्षेतही होते आणि पेढीवरही होते, ती इथेच बाजूला काढलेली बरी. ४०० वर १०० चढवले म्हणजे उत्पादनखर्चावर पंचवीस टक्के. पण तेच १०० रुपये ५०० च्या बिलभावाशी ताडले तर वीस टक्के होतात. पुढे शिल्लक मालातून चढवलेली रक्कम काढताना आपल्यासमोर बिलभावाचा आकडा असतो, त्यामुळे तिथे वीस टक्केच लावायचे. सवयीने पंचवीस लावले, तर लाखाच्या मालात पाच हजारांची चूक होते. ‘किती टक्के चढवले?’ असे कुणी सांगितले, की ‘कशावर?’ हे आधी विचारावे.

जीएसटी आल्यापासून हा बिलभाव पूर्वीइतका मोकळा राहिलेला नाही. एजंट स्वतःच्या नावाने गिऱ्हाइकाला बिल देत असेल, तर मालकाने एजंटाकडे माल पाठवणे हाच २०१७ च्या कायद्यात करपात्र पुरवठा मानलेला आहे, मोबदला न घेतलासुद्धा. त्यावरचे मूल्य कसे धरायचे हे नियम २९ सांगतो. त्या मालाचा खुल्या बाजारातला भाव तरी घ्यायचा, नाहीतर एजंट तसाच माल परक्या गिऱ्हाइकाला ज्या भावाने विकतो त्याच्या नव्वद टक्के. एजंट ५६० ला विकत असेल तर नव्वद टक्क्यांनी ५०४ होतात. म्हणजे आपल्या मनाने ठरवलेला ५०० चा भाव करासाठी आपोआप चालेल असे धरून चालू नये. एजंटाला या कराचे क्रेडिट मिळते, पण माल विकला जाण्याआधीच कारखानदाराचा पैसा करात गुंततो आणि लहान कारखान्याला ते जाणवते. पुढच्या आकड्यांत मी कर बाजूला ठेवला आहे. तो नफ्याचा भाग नसतो आणि तो घेतला तर मूळ मुद्दा झाकला जाईल.

आता व्यवहार पुढे नेऊ. एक हजार चादरींचा उत्पादनखर्च ४,००,००० आणि बिलाची रक्कम ५,००,०००. गठ्ठे बांधणे, ट्रकभाडे आणि विमा यांवर कारखानदाराचे २०,००० गेले. इंदूरला एजंटाने हमाली आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामापासून स्वतःच्या गोदामापर्यंतच्या टेंपोसाठी ५,००० दिले. नंतर गोदामभाडे ४,००० आणि दुकानदारांना नमुने दाखवत फिरण्याचा खर्च २,००० झाला. माल मिळताच त्याने एक लाख रुपये आगाऊ पाठवले होते. इंदूरच्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये त्याने ३०० चादरी रोखीने ५६० च्या भावाने विकल्या, त्याचे १,६८,००० झाले. देवास, महू, उज्जैन इथल्या दुकानदारांना ५०० चादरी उधारीवर दिल्या, भाव ५८०, रक्कम २,९०,०००. एकूण विक्री ४,५८,०००.

एजंटाला सगळ्या विक्रीवर पाच टक्के साधे कमिशन ठरले आहे, ते २२,९०० होते. त्यावर आणखी एक कमिशन आहे, उधारीच्या विक्रीवर तीन टक्के. ते होते ८,७००. याच दुसऱ्या कमिशनला डेल क्रेडर कमिशन म्हणतात आणि या व्यवहारातला सगळ्यात रंजक भाग मला तोच वाटतो.

साधा एजंट उधारीवर माल विकतो तेव्हा तो मालकाच्या वतीने विकतो. त्याने नेहमीची सावधगिरी घेतली असेल आणि तरीही देवासचा दुकानदार बुडाला, तर ते नुकसान कारखानदाराचे. सोलापुरात बसलेल्या माणसाला देवासचा दुकानदार कोण, त्याची पत काय, गेल्या दिवाळीत त्याने कुणाचे पैसे थकवले, यातले काहीच ठाऊक नसते. ठाऊक असते ते एजंटाला. पण बुडीत उधारीची झळ त्याला बसत नाही, उलट जास्त विक्री म्हणजे जास्त कमिशन, म्हणून हात सैल सोडण्याकडे त्याचा कल असतो. माहिती एकाकडे आणि जोखीम दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी होते. डेल क्रेडर कमिशनने ही दोन्ही एका माणसापाशी आणली जातात. ‘तू ज्यांना उधार देशील त्यांनी पैसे दिले नाहीत तर ते तू भरायचे, आणि त्या हमीपोटी हे जादा तीन टक्के घे,’ असा तो करार आहे. तो झाला की एजंट उधारीची वही जपून लिहू लागतो.

आपल्या उदाहरणात देवासच्या एका दुकानदाराने २५ चादरी नेल्या आणि दुकानच बंद केले. २५ गुणिले ५८० म्हणजे १४,५०० रुपये बुडाले. हमी होती म्हणून हा आकडा कारखानदाराच्या वहीत कुठेच येत नाही. एजंट आपल्या वहीत तो कमिशनच्या उत्पन्नातून वजा करतो. त्याचे एकूण कमिशन ३१,६००. त्यातून १४,५०० गेले की हातात उरले १७,१००. हमीचे त्याला ८,७०० मिळाले होते आणि १४,५०० भरावे लागले, म्हणजे हमीच्या व्यवहारात त्याला ५,८०० ची खोट आली.

हमी घेतली नसती तर कारखानदाराचे काय झाले असते? ८,७०० वाचले असते आणि १४,५०० बुडाले असते. आपण म्हणू शकतो की या वर्षी त्याला हमीने ५,८०० चा फायदा झाला. पण फक्त १० चादरींची उधारी बुडाली असती तर नुकसान ५,८०० चे आणि हमीचा खर्च ८,७०० चा, म्हणजे हमी महाग पडली असती. बरोबरीचा बिंदू आहे १५ चादरी, कारण १५ गुणिले ५८० म्हणजे नेमके ८,७००. त्या बाजारात पाचशेपैकी साधारण पंधरापेक्षा जास्त चादरींचे पैसे बुडत असतील तर तीन टक्के देणे परवडते; कमी बुडत असतील तर कारखानदार मनाच्या स्वस्थतेची किंमत मोजतो आहे. तीही काही वेळा मोजण्यासारखी असते, विशेषतः एखाद्याच मोठ्या दुकानदाराकडे बरीच उधारी साचली असेल तेव्हा.

हे कमिशन कशावर मोजायचे हे करारात लिहून घ्यावे. हिशेबाच्या पाठ्यपुस्तकांतला प्रघात असा, की वेगळे काही ठरले नसेल तर डेल क्रेडर कमिशन एकूण विक्रीवर मोजतात, रोखीची विक्री धरून. आपल्याकडे ते एकूण विक्रीवर असते तर तीन टक्क्यांनी १३,७४० झाले असते, म्हणजे ५,०४० रुपये जास्त. ज्या विक्रीत बुडण्याचा प्रश्नच नाही तिच्यावर हमीचे पैसे का द्यायचे, असा कारखानदाराचा सवाल रास्त आहे, आणि म्हणून फक्त उधारीवर मोजण्याची अट मला जास्त न्याय्य वाटते.

मात्र या अटीबरोबर एक नवा मोह येतो. रोखीची विक्री उधारीची म्हणून दाखवली की एजंटाला जादा तीन टक्के मिळतात आणि जोखीम शून्य. यावर कारखानदाराने योजलेला उपाय भावातच आहे: उधारीचा भाव रोखीपेक्षा वीस रुपयांनी जास्त. एजंटाने ५६० ला रोखीने विकलेली चादर ५८० ला उधार गेली असे लिहिले, तर त्याला सोलापूरला वीस रुपये जास्त दाखवावे लागतात. त्या बदल्यात हमीचे १७ रुपये ४० पैसे आणि वाढीव वीस रुपयांवरचा एक रुपया साध्या कमिशनचा, असे १८ रुपये ४० पैसे मिळतात. म्हणजे खोटे लिहून चादरीमागे १ रुपया ६० पैशांचे नुकसानच. उलटी लबाडीही शक्य असते: उधारीने ५८० ला विकून रोखीचे ५६० दाखवायचे. ती भावाने रोखली जात नाही. तिच्यासाठी पट्टीबरोबर पार्टीवार बिलांच्या प्रती मागवाव्या लागतात आणि अधूनमधून एखाद्या दुकानदाराला थेट फोन करावा लागतो. एजंटाने हिशेब मागताच देणे हे १८७२ च्या करार कायद्यातले त्याचे कर्तव्य आहे, त्यामुळे बिले मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

हमीलाही मर्यादा आहे. ती पैसे बुडण्याविरुद्ध आहे, भांडणाविरुद्ध नाही. महूच्या दुकानदाराने दहा चादरींचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला म्हणून पैसे अडवले, तर त्याची जबाबदारी एजंटावर ढकलता येत नाही. माल सदोष असल्याचा वाद कारखानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातला आहे. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९१४ मध्ये एका लाकूड व्यापाराच्या दाव्यात हीच रेघ ओढली होती: डेल क्रेडर एजंट ठरलेली रक्कम चुकती होण्याची हमी देतो, करार नीट पार पडला की नाही या वादात तो जामीन नसतो. म्हणून पैसे आले नाहीत असे कळल्यावर पहिला प्रश्न हा, की दुकानदार देऊ शकत नाही की तो देणे मान्यच करत नाही. पहिल्यात एजंट भरतो, दुसऱ्यात आपण मालाचा दर्जा तपासायचा. आणि दुसरी मर्यादा याहून उघड आहे. हमी देणारा एजंटच डबघाईला आला तर तीन टक्के देऊन घेतलेल्या हमीचा उपयोग शून्य. मोठी उलाढाल असलेले कारखानदार म्हणूनच एजंटाकडून अनामत किंवा बँक गॅरंटी घेतात.

एजंट वर्षअखेरीला पट्टी पाठवतो. वर विक्री ४,५८,०००. खाली त्याने केलेला खर्च ११,००० आणि कमिशन ३१,६०० वजा. आधी पाठवलेले एक लाखही वजा. बाकी ३,१५,४००, ते बँकेतून सोलापूरला पाठवले. देवासच्या दुकानदाराचे १४,५०० या पट्टीत वजा झालेले दिसले, तर करार वाचून लगेच हरकत घ्यावी. हमी असताना ते तिथे असायलाच नको.

आता त्या तीन उत्तरांकडे. कारखानदाराच्या खतावणीत ‘इंदूर प्रेषण खाते’ नावाचे पान उघडलेले असते. त्या एका पानावर या व्यवहाराचा नफा-तोटा निघतो. नावे बाजूला पाठवलेला माल आणि सगळे खर्च, जमा बाजूला विक्री आणि उरलेला माल.

त्यासाठी आधी उरलेल्या दोनशे चादरींची किंमत ठरवावी लागते. बिलभावाने त्या १,००,००० च्या झाल्या. त्यांत इंदूरच्या गोदामात पोहोचेपर्यंतच्या खर्चाचा वाटा मिळवायचा. कारखानदाराचे २०,००० आणि एजंटाची हमाली-टेंपोचे ५,००० मिळून २५,००० हजार चादरींवर पसरले की चादरीमागे २५ रुपये. दोनशे चादरींचे ५,०००. गोदामभाडे आणि नमुने फिरवण्याचा खर्च यात येत नाही, कारण माल जागेवर आल्यानंतर तो साठवण्याचा आणि विकण्याचा तो खर्च आहे. तो ज्या वर्षी झाला त्या वर्षी संपला. उरलेल्या मालाची किंमत अशी १,०५,००० झाली.

पहिल्या हिशेबनिसाने सगळे आकडे जसे बिलावर होते तसे घेतले. नावे बाजूला माल ५,००,०००, पाठवण्याचा खर्च २०,०००, एजंटाचा खर्च ११,०००, कमिशन ३१,६००, बेरीज ५,६२,६००. जमा बाजूला विक्री ४,५८,००० आणि शिल्लक माल १,०५,०००, बेरीज ५,६३,०००. नफा ४००. हजार चादरींचा धंदा करून चारशे रुपये मिळाले, असे कुणी मालकाला सांगितले तर तो इंदूरचा बाजार सोडून देईल. चूक अशी, की ४०० ला पडलेली चादर त्याने ५०० ला पडली असे धरले आणि स्वतःच चढवलेला एक लाख स्वतःचाच खर्च म्हणून मोजला.

दुसऱ्याने ही चूक ओळखली. चढवलेला सगळा एक लाख त्याने प्रेषण खात्याच्या जमा बाजूला परत घेतला. नफा १,००,४०० झाला. तो आकडा मालकाला गोड वाटेल, पण तोही खोटा आहे. चढवलेले शंभर रुपये त्याने पाठवलेल्या हजारही चादरींतून काढले, पण उरलेल्या दोनशे चादरी मात्र पाचशेच्या भावानेच शिल्लक म्हणून ठेवल्या. त्या दोनशेंमागचे शंभर-शंभर रुपये, म्हणजे २०,००० रुपये, न विकलेल्या मालावरचा नफा म्हणून खात्यात शिरले. गोदामात घडी घालून ठेवलेल्या चादरीने अजून एक पैसाही कमावलेला नाही.

तिसऱ्याने एक नोंद आणखी केली. दोनशे चादरींतली चढवलेली रक्कम, २०,०००, प्रेषण खात्याच्या नावे बाजूला टाकून तेवढीच ‘स्टॉक रिझर्व्ह’ म्हणून बाजूला काढली. नफा ८०,४०० वर आला. हा आकडा खरा आहे का, हे चढ-उताराच्या भानगडीत न पडता सरळ उत्पादनखर्चाने ताडून पाहता येते. विकलेल्या आठशे चादरी जागेवर प्रत्येकी ४२५ ला पडल्या, म्हणजे ३,४०,०००. त्यात भाडे व नमुन्यांचे ६,००० आणि कमिशन ३१,६०० मिळवले की ३,७७,६००. विक्री ४,५८,००० मधून ते वजा केले की ८०,४००. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला. मी तरी असा हिशेब या पडताळणीशिवाय पुढे जाऊ देणार नाही. दोन मिनिटांचे काम आहे आणि चढवलेल्या भावाचा कुठलाही गोंधळ त्यात लगेच उघडा पडतो.

स्टॉक रिझर्व्ह हे नाव ऐकून पुष्कळांना वाटते, की कुठेतरी वीस हजार रुपये राखून ठेवले आहेत. तसे काही नसते. ती फक्त मालाच्या फुगवलेल्या किमतीतून वजा करायची रक्कम आहे. ताळेबंदात शिल्लक माल १,०५,००० दाखवायचा आणि त्यातून २०,००० वजा करून ८५,००० बाहेर काढायचे. तो ८५,००० म्हणजे दोनशे चादरींचा ४२५ ने होणारा खरा खर्च.

इथे एक बारीक चूक हमखास होते. चढवलेली रक्कम बिलभावाच्या वीस टक्के आहे हे लक्षात ठेवून कुणी १,०५,००० च्या वीस टक्के, म्हणजे २१,००० काढतो. पण त्या आकड्यातले पाच हजार भाड्या-हमालीचे आहेत. त्यांवर कुणी काही चढवलेले नाही. ते खरोखर खर्च झालेले पैसे आहेत. रिझर्व्ह फक्त १,००,००० वर मोजायचा. २१,००० काढले तर माल ८४,००० ला येतो, खऱ्या खर्चापेक्षा हजार रुपये खाली, आणि नफाही तेवढाच कमी दिसतो.

१ एप्रिलला नवे वर्ष सुरू झाले की शिल्लक माल आणि रिझर्व्ह दोन्ही पुढच्या वर्षीच्या प्रेषण खात्यावर येतात: माल १,०५,००० नावे आणि रिझर्व्ह २०,००० जमा. चादरी विकल्या जातील तेव्हा त्यांच्या नफ्यासोबत ती अडवून ठेवलेली रक्कम नव्या वर्षात आपोआप मोकळी होते. हा रिझर्व्ह पुढे आणायचे राहिले, तर पुढचे वर्ष वीस हजारांनी उगाच गरीब दिसते. कारखान्यात हिशेबनीस बदलला की असे घडू शकते, म्हणून नव्या माणसाच्या हाती वह्या देताना हा आकडा वेगळा लिहून द्यावा.

आणि स्टॉक रिझर्व्हने जिथे पोहोचता येत नाही अशी एक जागा राहतेच. तो मालाला चढवलेल्या भावावरून खऱ्या खर्चावर आणतो. त्याच्या खाली तो जात नाही. पण समजा, थंडी सरली आहे, दोनशे चादरींचे नक्षीकाम जुने झाले आहे आणि एजंट फोनवर सांगतो, ‘शेठजी, आता चारशेच्या वर कुणी हात लावणार नाही.’ साठ्याची किंमत खर्च किंवा विकून हाती येणारी रक्कम यांपैकी जी कमी असेल ती धरायची असते. चारशेला रोखीने विकून पाच टक्के कमिशनचे वीस रुपये गेले की चादरीमागे ३८० हाती येतात. दोनशे चादरींचे ७६,०००. वहीतला खर्च ८५,०००. मग उरलेले ९,००० ३१ मार्चलाच तोट्यात घालावे लागतात आणि वर्षाचा नफा ७१,४०० वर येतो. ते घातले की एप्रिलमध्ये एजंटाला चारशेला माल काढायची परवानगी देताना कारखानदाराला पाचशेच्या बिलाकडे पाहत अडून बसावे लागत नाही. तो आकडा एजंटासाठी लिहिलेला होता.